फोटोतल्या रुसलेल्या मुलाला हसवताना

प्रश्न : आईच्या पंचाहत्तरीला मुलुंडच्या हॉलमध्ये घरच्या १४ जणांचा एकत्र फोटो काढला. बाकी सगळे छान आलेत, पण माझा ७ वर्षांचा मुलगा कपाळाला आठ्या घालून, तोंड फुगवून उभा आहे. मोबाइलमधल्या ॲपवर त्याला हसवून पाहिलं, तर तो आमचा वाटतच नाही, बघून जरा भीतीच वाटते. आईला १२ बाय १८ची प्रिंट फ्रेम करून द्यायची आहे. हे नीट करता येईल का? आणि ॲपमध्ये असं विचित्र का दिसतं?

उत्तर : आधी फोटोग्राफरला फोन करा आणि त्या ग्रुपच्या सगळ्या फ्रेम, म्हणजे लागोपाठ काढलेले सगळे फोटो, मागून घ्या. त्याने निवडून दिलेल्या नव्हे, सगळ्या. कुणाचे डोळे मिटलेत, कुणी हललंय, कुणी अजून साडीचा पदर सारखा करतंय, अशासुद्धा. चौदा माणसांचा ग्रुप कुठलाही फोटोग्राफर एका क्लिकमध्ये संपवत नाही. चार-सहा फ्रेम तरी घेतोच. त्यातल्या एकीत मुलगा हसला असेल, निदान आठ्या तरी सुटल्या असतील, तर काम जवळजवळ झालं म्हणून समजा. त्याच्याकडे नसतील तर नातेवाइकांना विचारा. स्टेजसमोर तेव्हा चार मोबाइल वर असणारच. कुणी आयफोनवर लाइव्ह फोटो घेतला असेल, तर क्लिकच्या दीड सेकंद आधीपासून दीड सेकंद नंतरपर्यंतची हालचाल त्यात साठलेली असते. व्हिडिओवाला असेल तर त्याचं फुटेजही बघा.

एवढा आग्रह का, ते सांगते. मी दादरला एका लॅबसाठी रिटचिंगचं काम करते. मुंज, बारसं, साठीशांत अशा कार्यक्रमांच्या ग्रुप फोटोंमध्ये रुसलेलं एखादं पोर असतंच, आणि 'ताई, याला जरा हसवा ना' हे वाक्य तर लग्नसराईत रोज ऐकू येतं. अशा कामात माझा नियम ठरलेला आहे. राग मी कॉम्प्युटरवर कमी करते, पण हसू त्या मुलाच्याच दुसऱ्या फोटोतून आणते. नसलेलं हसू तयार करायला मी सहसा जात नाही. कारण ॲपला जे जमलं नाही, ते हाताने करतानाही तिथेच अडतं.

हसू ओठात असतं अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ओठ फक्त ओढले जातात. गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक स्नायू तिरका उतरतो. तो आखडला की ओठाचा कोपरा वर जातो आणि मागेही जातो. 'मागे' हे महत्त्वाचं आहे, कारण सपाट फोटोवर काम करणाऱ्याला फक्त वर ओढता येतं. कोपरा मागे गेला की गालाचा सगळा गर वर ढकलला जातो, नाकपुडीपासून ओठाकडे येणारी घडी उमटते, नाकपुड्या किंचित रुंदावतात, वरचा ओठ ताणला जाऊन पातळ होतो, हनुवटी सपाट होते. वर चढलेला गाल खालच्या पापणीला टेकतो. त्यातच डोळ्याभोवतीचा गोल स्नायू आखडला की डोळा बारीक होतो आणि खालच्या पापणीखाली एक छोटी उशी तयार होते. ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली हे सगळं फोटोंसकट छापलं होतं. चेहऱ्यावर विजेचे सौम्य झटके देऊन त्याने एकेक स्नायू आखडवून पाहिला. नुसता गालाचा स्नायू आखडला तर हसू खोटं दिसतं, डोळ्याभोवतीचा आखडला तरच खरं दिसतं, हे त्यातून त्याच्या लक्षात आलं. म्हणूनच खऱ्याखुऱ्या हसण्याला आजही त्याच्या नावाने ओळखतात.

आता तुमच्या मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. रुसलेल्या मुलाच्या भुवया खाली आणि आत ओढलेल्या असतात. ओठांचे कोपरे खाली गेलेले असतात. हनुवटीचा स्नायू खालचा ओठ वर ढकलतो, त्यामुळे हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे उमटतात. मान थोडी खाली असते, म्हणजे मूल भुवयांखालून वर बघत असतं. ॲप यातलं तोंड तेवढं बदलतं आणि बाकीचं बरंचसं तसंच ठेवतं. खाली ओढलेल्या भुवया, त्यांच्या सावलीतले डोळे आणि त्याखाली वर गेलेले ओठ. या जोडीला आपण आनंद म्हणत नाही, कावा म्हणतो. सिनेमातला खलनायक कट शिजवताना असाच हसतो. तुम्हाला भीती वाटली ती इथून आली असण्याची शक्यता मोठी आहे. तुमच्या नजरेत काही खोट नाही, तिने चेहरा बरोबर वाचला.

दुसरं कारण जरा खोलात आहे. आपण चेहरा तुकड्यातुकड्यांनी बघत नाही, एकदम बघतो. पीटर थॉम्पसन या मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये मार्गारेट थॅचर यांचा एक फोटो घेतला, त्यातले फक्त डोळे आणि तोंड कापून उलटे चिकटवले. तो फोटो डोकं खाली करून धरला तर काहीच खटकत नाही. सरळ केला की अंगावर काटा येतो. सरळ चेहऱ्यात डोळे आणि तोंड यांचा एकमेकांशी मेळ आहे की नाही, हे मेंदू आपोआप तपासतो आणि बेमेळ लगेच पकडतो. चेहरा उलटा झाला की ही तपासणी बरीच ढिली पडते. यातून कामाची एक गोष्ट मिळते. रिटचिंगवाल्यांना, चित्रकारांना चित्र उलटं करून चुका शोधायची सवय असते. त्वचेचे डाग, रंगातला फरक यांसाठी ती चांगली आहे. हावभावांसाठी मात्र ती उपयोगाची नाही, कारण उलट्या चेहऱ्यात नेमकी हीच चूक लपते. डावं-उजवं उलटवून बघा, वर-खाली करून नको.

जपानी इंजिनिअर मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये यंत्रमानवांबद्दल असंच काहीसं मांडलं होतं. यंत्र माणसासारखं दिसत जातं तसं ते आपल्याला आवडत जातं, पण अगदी माणसाच्या जवळ पोचून थोडंसंच कमी पडलं की एकदम नकोसं होतं. कार्टूनमधलं हसरं तोंड आपल्याला खटकत नाही. फोटोतला ९५ टक्के खरा चेहरा खटकतो. त्यातून तो चेहरा आपल्या पोराचा असला तर विचारूच नका. परक्या माणसाला जो बदल कळणारही नाही तो आईला पहिल्या नजरेत कळतो, कारण तिने ते मूल हजार वेळा हसताना पाहिलेलं असतं. ते हसताना डावा गाल आधी वर जातो, एक डोळा जास्त मिटतो, खळी एकाच बाजूला पडते. सॉफ्टवेअर दोन्ही कोपरे सारखे उचलतं.

त्यात दात. तुमचा मुलगा ७ वर्षांचा आहे, म्हणजे समोरचे दात पडण्या-येण्याचाच काळ. खालचे मधले दोन बहुधा नवे आले असतील. वरचे पडले असतील, हलत असतील किंवा अर्धे आले असतील. नवे पक्के दात दुधाच्या दातांपेक्षा मोठे, थोडे पिवळट आणि सुरुवातीला कडेला करवतीसारखे दिसतात. ॲपने मिटलेलं तोंड उघडायचं ठरवलं, तर आत काय आहे हे त्याला माहीतच नसतं. मग ते अंदाजाने एकसारख्या पांढऱ्या दातांची पूर्ण रांग बसवतं. सात वर्षांच्या तोंडात पंचविशीतले दात. घरात कुणालाही विचारा, 'काहीतरी चुकतंय' एवढंच सांगतील, पण चुकतंय ते बहुतेकदा तिथेच असतं. म्हणून मिटलेल्या तोंडाचं उघडं हसू करू नका, कुठल्याही साधनाने. तोंड मिटलेलंच ठेवून काय सुधारतं तेवढं बघा.

फोटोशॉपमध्ये `Neural Filters` खाली `Smart Portrait` आहे, त्यात `Happiness` नावाची पट्टी आहे. ती सरकवली की चेहरा ओढला जात नाही, नव्याने रंगवला जातो. म्हणूनच त्यात गाल आणि डोळेही थोडे बदलतात आणि पहिल्या नजरेला निकाल बरा वाटतो. पण नव्याने रंगवताना चेहऱ्याची ओळख थोडी सरकते. नाकाचा शेंडा, डोळ्यांमधलं अंतर, ओठाची धार, सगळं जरा सरासरीकडे झुकतं. 'आमचा वाटतच नाही' म्हणालात तेही अशामुळेच असू शकतं. शिवाय हे काम तुमच्या मशिनवर होत नाही, फोटो कंपनीच्या सर्व्हरवर जातो. मुलांच्या फोटोंच्या बाबतीत हे माहीत असलेलं बरं, आणि कुठलंही फुकटचं ॲप वापरण्याआधी तर नक्कीच.

आता थोडं मोजमाप, कारण दुसरी फ्रेम वापरण्यालायक आहे का हे त्यावर ठरतं. चौदा माणसं दोन रांगांत, म्हणजे फोटोची रुंदी साधारण ४ मीटर. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल तर फोटो ६००० पिक्सेल रुंद, म्हणजे एका सेंटिमीटरला १५ पिक्सेल. मुलाचा चेहरा १२ सेंटिमीटर धरला तर १८० पिक्सेल, तोंड जेमतेम ६०. ओठाचा कोपरा अर्धा सेंटिमीटर उचलायचा म्हणजे सात-आठ पिक्सेलचा खेळ. १२ बाय १८च्या प्रिंटवर ते तोंड साडेचार मिलिमीटरचं होईल. एवढ्याशा जागेतही हावभाव चुकला तर कळतो. त्वचेचा पोत मात्र तितका कळत नाही. हे आपल्या फायद्याचं आहे.

हाच फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने आला असेल तर त्याची रुंदी साधारण १६०० पिक्सेल उरते आणि तोंड १६ पिक्सेलचं होतं. त्यावर काम करू नका. मूळ फाइल मागा, व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. फोर-के व्हिडिओत तशाच चौकटीत चेहरा ११५ पिक्सेलच्या आसपास मिळतो. मूल हललेलं नसेल तर ओढूनताणून चालतो. साध्या एचडी व्हिडिओत निम्माच, तो सोडून द्या. मोबाइलच्या लाइव्ह फोटोतून काढलेली फ्रेमही मुख्य फोटोपेक्षा लहान आणि मऊ असते, पण कुणी जवळून घेतलेली असली तर चेहरा मोठा मिळतो.

दुसरी फ्रेम मिळाली की प्रत्यक्षात काय होतं, ते नुकत्याच केलेल्या एका कामावरून सांगते. गिरगावातलं कुटुंब, आजोबांची साठीशांत, पुढच्या रांगेत सात वर्षांची नात. परकर-पोलकं, कानात झुमके, खांद्यावर मागून आजीचा हात. निवडलेल्या फ्रेममध्ये सगळे छान आणि ही फुगलेली. आणखी चार फ्रेम होत्या. त्यातल्या एकीत आजीचे डोळे मिटलेले होते, पण मुलगी खळखळून हसत होती, वरचा एक दात नसलेला. घरच्यांना तेच हसू हवं होतं, पण निवडलेल्या फ्रेममध्ये.

दोन्ही फ्रेम फोटोशॉपच्या एकाच फाइलमध्ये दोन लेअरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांवर, घेतल्या, निवडलेली खाली, हसरी वर. `Edit` मधल्या `Auto-Align Layers` ने मागचा पडदा आणि उभी माणसं जुळली, पण मुलीचं डोकं काही जुळलं नाही, कारण ती हलली होती. ते नेहमीच हाताने जुळवावं लागतं. वरच्या लेअरमधलं डोकं वेगळं करून त्याची ओपॅसिटी ५० टक्के केली, म्हणजे ते अर्धं पारदर्शक केलं, आणि `Ctrl+T` ने फिरवत-सरकवत नाकाचा उंचवटा आणि डोळ्यांचे आतले कोपरे एकमेकांवर आणले. या जागा हसताना फारशा हलत नाहीत. तोंडावर किंवा हनुवटीवर जुळवायला गेलात तर चेहरा घसरतो, कारण हनुवटी रुसलेल्या आणि हसऱ्या चेहऱ्यात एका जागी नसतेच. डोकं दोन-तीन अंश फिरवावं लागलं. याहून फार फिरवावं लागत असेल, किंवा एका फ्रेममध्ये मूल समोर बघतंय आणि दुसरीत बाजूला, तर ती फ्रेम सोडा. चेहरा वळलेला असेल तर कितीही जुळवा, नाक आणि कान एकमेकांशी भांडत राहतात.

मग मास्क, म्हणजे वरच्या लेअरचा कुठला भाग दिसेल आणि कुठला झाकायचा ते ठरवणं. इथे बहुतेक लोक फक्त तोंड घेतात, फार तर तोंड आणि डोळे, आणि ॲपने केलेलीच चूक जास्त कष्टाने करतात. पूर्ण डोकं घ्या. केसांपासून गळ्यापर्यंत, कानांसकट. जोड कुठे येईल ते आधी ठरवा: वर केस आणि मागच्या माणसाचे कपडे यांच्यामध्ये, खाली पोलक्याच्या गळ्याच्या काठावर. गालावर, हनुवटीखाली जोड आणू नका; तिथे त्वचेचा उजेड हळूहळू बदलतो आणि तो कापला की डाग दिसतो. मास्कचा ब्रश किती मऊ ठेवायचा ते फोटोलाच विचारावं. काठ जितका धारदार आहे तितका ब्रश कडक. सगळीकडे मऊ ब्रश फिरवला की डोक्याभोवती धुरकट कड राहते.

त्या फोटोत खरा वेळ खाल्ला तो झुमक्यांनी. हसताना मुलीने मान झटकली होती, झुमका एका बाजूला झुललेला होता. वरच्या लेअरमधून नवा झुमका आला, पण खालचा जुना त्याच्या मागून डोकावत राहिला. एका कानाला दोन झुमके. अशा वेळी खालच्या लेअरवर, म्हणजे त्याच्या कॉपीवर, जुनी वस्तू आधी पुसावी लागते आणि तिच्या जागी मान, केस किंवा मागचा पडदा रंगवून घ्यावा लागतो. मुलाच्या बाबतीत झुमके नसतील, पण फेटा, टोपी, गळ्यातली चेन, कुर्त्याची कॉलर हेच करते. आणि कपाळावरचा टिळा. पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत त्याला हात लागून तो पसरलेला असतो.

मग उजेड. ग्रुपच्या लागोपाठच्या फ्रेममध्ये फ्लॅश पूर्ण भरलेला नसला तर एक फ्रेम किंचित काळपट येते. हॉलच्या स्टेजवर रंग बदलणारे एलईडी असतील तर एका फ्रेममध्ये गालाच्या कडेला जांभळी झाक आणि दुसरीत निळी. उजळपणा आणि रंग बदलणारा `Curves` लेअर फक्त वरच्या लेअरला चिकटवून घ्या आणि आधी उजळपणा जुळवा, मग रंग. तुलनेसाठी मुलाच्या स्वतःच्या हाताची किंवा गळ्याची त्वचा बघा, शेजारच्या काकाची नको. चेहरा आणि हात यांचे रंग वेगळे दिसले की डोकं आणून लावल्यासारखं दिसतं, आणि खरं तर ते लावलेलंच असतं.

खांदे आणि हात राहिलेच. रुसलेलं मूल खांदे आवळून, मुठी मिटून, कधी हाताची घडी घालून उभं असतं. त्यावर खळखळून हसणारं डोकं बसवलं तर दोन वेगळी मुलं एकत्र केल्यासारखी वाटतात. म्हणून चार हसऱ्या फ्रेम मिळाल्या तरी सगळ्यात मोठं हसू निवडू नका. अंगाला शोभेल असं, जरा हलकं हसू निवडा. शक्य असेल तर मूल आख्खंच बदला, डोक्यापासून पायापर्यंत. तुमचा मुलगा पुढच्या रांगेत कडेला असेल आणि कुणाचा हात त्याच्यावर नसेल, तर हे डोकं बदलण्यापेक्षा सोपं पडतं.

गूगलने पिक्सेल ८ या फोनमध्ये २०२३ साली `Best Take` नावाची सोय दिली. लागोपाठ काढलेल्या फोटोंतून प्रत्येकाचा चांगला चेहरा निवडून एकत्र लावायची. ती तुलनेने बरी का दिसते याचं कारण हेच की हसू त्या माणसाचंच, त्या क्षणाच्या आसपासचं असतं. कुणाच्या पिक्सेलवर तो ग्रुप लागोपाठ टिपलेला असेल तर करून बघा. पण प्रिंटसाठी मोठा फोटो हवा असेल तर जोड नीट तपासा.

आता दुसरी फ्रेम मिळालीच नाही असं धरू. तेव्हा हसू आणायचा हट्ट सोडा आणि राग कमी करा. शांत, किंचित विचारात पडलेलं मूल ग्रुपमध्ये कुणालाही खटकत नाही. फोटोशॉपमध्ये चेहऱ्याची कॉपी करून तिचा स्मार्ट ऑब्जेक्ट करा, म्हणजे नंतर कमी-जास्त करता येईल. मग `Filter` मध्ये `Liquify` उघडा. त्यात चेहऱ्याचे भाग ढकलता-सरकवता येतात.

सुरुवात तोंडापासून करू नका, भुवयांपासून करा. `Forward Warp` हे साधन घ्या, ब्रश भुवईच्या लांबीपेक्षा मोठा ठेवा, आणि दोन्ही भुवयांची आतली टोकं दोन-तीन पिक्सेल वर आणि किंचित बाहेर ढकला. लहान ब्रशने भुवई नागमोडी होते. एवढ्यानेच निम्मा राग उतरलेला दिसेल. न दिसला तर भुवयांखालची सावली बघा. मुलांच्या कपाळावर मोठ्यांसारख्या खोल आठ्या नसतात, त्यांचा राग भुवई खाली आल्याने डोळ्यावर पडलेल्या सावलीत असतो. ती सावली वेगळ्या लेअरवर हलक्या हाताने उजळा. नाकाच्या वर उभी रेघ असेल तर तीही वेगळ्या लेअरवर पुसा आणि त्या लेअरची ओपॅसिटी ६० टक्क्यांवर आणा. पूर्ण पुसली की कपाळ मेणाचं दिसतं.

मग हनुवटी. ही जागा जवळजवळ सगळे विसरतात. वर ढकललेल्या खालच्या ओठाखालचे ते खळगे मऊ करा आणि हनुवटीचा फुगीरपणा एक-दोन पिक्सेल खाली आणा. हनुवटी आवळलेली राहिली तर ओठ कसेही केले तरी मूल आता रडेल असंच वाटतं. त्यानंतर ओठ. `Liquify` मधल्या `Face-Aware Liquify` मध्ये `Smile` ची पट्टी आहे. ती १५-२० पर्यंत न्या, पुढे नाही. उद्देश एवढाच की खाली गेलेले कोपरे आडव्या रेषेत यावेत. कोपरा आडव्या रेषेच्या वर गेला की गालाने साथ द्यायला हवी, आणि गाल तर जागचा हललेला नाही. तिथून पुढे विचित्रपणा सुरू होतो. एक कोपरा दुसऱ्यापेक्षा जरा कमी उचला, मुलाच्या इतर फोटोंत तो कोणत्या बाजूने जास्त हसतो ते बघून. डोळे मोठे करायचा मोह आवरा. डोळे मोठे आणि ओठ वर म्हणजे बाहुली. डोळ्यातला फ्लॅशचा पांढरा ठिपका तसाच राहू द्या.

मूल मान खाली घालून वर बघत असेल तर हे सगळं करूनही थोडा राग उरेल. मान आपण बदलू शकत नाही. तेवढा उरू द्या. एक मात्र आधी तपासा: फोटो हॉलमधला आहे म्हणून तुमच्या बाबतीत शक्यता कमी, पण शिवाजी पार्कवर किंवा गच्चीत भर दुपारी काढलेल्या फोटोत ज्याला आपण राग म्हणतो ते बऱ्याचदा उन्हाने मिचकावलेले डोळे असतात. तिथे ओठांना हातही लावायचा नसतो.

झालं की फोटो एकदम संपवू नका, रात्रभर ठेवा. सकाळी उघडताना आधी छोटा करून बघा, स्क्रीनवर चेहरा प्रिंटमध्ये असेल तेवढाच, म्हणजे दीड सेंटिमीटरचा. ३०० टक्के मोठा करून काम करताना जे सुंदर दिसतं, ते या आकाराला कुत्सित दिसू शकतं. मग बदललेला लेअर पटापट चालू-बंद करून बघा. नजर उडी मारून जिथे जाते तिथे जास्त झालंय. आणि ज्याने फोटो पाहिलेला नाही अशा घरच्या माणसाला दाखवा, काय केलंय ते न सांगता. त्याने 'हा कधी काढला?' विचारलं तर ठीक. 'याला काय झालंय?' विचारलं तर ओपॅसिटी खाली आणा. बदललेल्या लेअरची ७० टक्के ओपॅसिटी अनेकदा १०० पेक्षा बरी दिसते. फक्त ही युक्ती राग कमी केलेल्या चेहऱ्यालाच चालते. दुसऱ्या फ्रेममधून आणलेल्या डोक्याला लावली तर दोन चेहरे एकमेकांतून दिसतील.

आणि मुलालाही दाखवा. सात वर्षांचं पोर स्वतःचा चेहरा चांगला ओळखतं. मी हसलोच नव्हतो, म्हणून कुणी हटून बसलं तर मी त्याच्या बाजूची आहे, पण तो तुमचा घरचा मामला.

लेअर असलेली फाइल आणि मूळ फोटो दोन्ही जपून ठेवा. मोठ्या प्रिंटआधी त्याच फाइलमधला मुलाच्या आसपासचा भाग कापून ४ बाय ६वर एक नमुना काढा, पण मोठा करून नाही. प्रिंटमध्ये जेवढा येणार तेवढाच ठेवून. फ्रेम काचेची असेल तर मॅट कागद घ्या. आणि लॅबमध्ये फाइल देताना 'करेक्शन नको, शार्प करू नका' असं स्पष्ट सांगा. तिथे बऱ्याचदा प्रिंटआधी सगळ्या फोटोंवर आपोआप धार चढवली जाते, आणि मऊ केलेला जोड, उजळलेली भुवयांखालची सावली, हनुवटीची पुसलेली जागा या तिन्ही गोष्टी त्या धारेने पुन्हा वर येतात.